सूर्य फलकावर उगवतो तेव्हा

नीलिमा साळवे कारखान्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढत असे. लोकांची हाडे बघून तिची अर्धी हयात गेली, असे ती स्वतःच हसून सांगे. पिंपरीच्या वसाहतीत तिला सगळे ओळखत, पण ओळखत ते छातीपासून कंबरेपर्यंतच. "ताई, माझी डावी बरगडी आता कशी आहे?" असे भर बाजारात विचारणारे लोक होते. ती उत्तर देई, "बरगडी बरी आहे, विड्या सोडा." बोलायला ती मोजकीच होती. एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की मात्र ती घोरपडीसारखी धरून बसे.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर तिने कॅलेंडर मनावर घेतले.

कारखाना दर वर्षी कामगारांना एक कॅलेंडर वाटी. जाड, गुळगुळीत कागद, वर मोठे रंगीत चित्र आणि खाली तारखा. चित्र नेहमी एका यंत्राचे. यंत्राला दसऱ्याचा झेंडूचा हार घातलेला, बाजूला लिंबू. पुण्याचा एक छायाचित्रकार येई, दिवे लावी, फोटो काढी आणि जाई. नीलिमाचे वडील जयसिंग त्याच कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रे दाबणाऱ्या यंत्रांवर, होते. एका वर्षी तर ते ज्या यंत्रावर उभे राहत, नेमके तेच यंत्र कॅलेंडरवर आले. लोकांनी अभिनंदन केले. जयसिंग घरी आले, चुलीशेजारच्या खिळ्यावर लटकलेले ते चित्र त्यांनी पाहिले आणि जेवता जेवता पाठ फिरवून बसले.

"काय झालं, दादा?"

"दिसभर त्याच्यापुढं उभा राहतो. आता भाकर बी त्याच्यापुढंच खायची व्हय?"

हे वाक्य नीलिमाच्या मनात रुतून बसले. वसाहतीत शेकडो स्वयंपाकघरे होती आणि प्रत्येकात तो हार घातलेला लोखंडी देव बारा महिने टांगलेला असे. तिने कल्याण समितीकडे अर्ज केला की यंदाचे चित्र बाहेरचे असावे, आपल्या मुलखाचे असावे आणि ते मी काढून देईन. तिला फोटोचा नाद होता. दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत काम संपल्यावर ती स्वतःच्या फिल्मा धुवायची, डॉक्टरांच्या परवानगीने.

समितीचे सचिव सदाशिव परांजपे भला माणूस. त्यांच्याकडे दोन भिंगांचा जर्मन कॅमेरा होता आणि बायकोपेक्षा ते त्यालाच जास्त जपतात असे त्यांची बायकोच सांगे. त्यांनी समितीत नीलिमाची बाजू घेतली, पण कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी अट घातली. सोमवारी सकाळी चित्र टेबलावर हवे. नसेल तर पुण्याचा छायाचित्रकार मंगळवारी ठरलेलाच आहे. म्हणजे हातात एकच शनिवार-रविवार. कंपनीची जीप शनिवारपुरती मिळेल, रंगीत रोल एकच मिळेल.

"काय काढणार?" संध्याकाळी तिच्या घरी येऊन सदाशिवरावांनी विचारले.

"कांद्याच्या गाड्या," नीलिमा म्हणाली. "शनिवारी चाकणचा बाजार. भामा नदीच्या उतारातून, पाणी उथळ आहे तिथून, पहाटे गाड्या येतात. दादा लहानपणी हाकायचे."

"गाडी दुसऱ्याची, बैल दुसऱ्याचे, कांदं बी दुसऱ्याचं," जयसिंग कोपऱ्यातून म्हणाले. "झोप तेवढी माझी. ती बी मिळत न्हवती."

चित्र नीलिमाच्या डोळ्यांपुढे तयार होते. चाकांनी उडवलेली धूळ, तिच्यामागे खाली आलेला सूर्य आणि धुळीतून आरपार येणारा उजेड. उजेड वस्तूवर पडला की तिचे कातडे दिसते, वस्तूतून गेला की तिचा जीव दिसतो, असे तिचे मत होते. एक्स-रेवाल्या बाईला दुसरे काय सुचणार! पण असा उजेड दिवसातून दोनदाच मिळतो. सूर्य उगवल्यानंतर साधारण अर्धा तास आणि मावळण्याआधी अर्धा तास. त्याच्या अलीकडे-पलीकडे थोडा वेळ आभाळ रंगते, पण धूळ पेटत नाही.

तेव्हा वेळ आधी ठरवायला हवी होती, आणि इथे सदाशिवराव पुढे सरसावले.

वसाहतीच्या सभागृहात नवा टेलिव्हिजन आला होता. मुंबईचे कार्यक्रम सुरू होण्याआधी कधी कधी पडद्यावर एक फलक येई. त्या बुधवारी आला तो येत्या सात दिवसांच्या सूर्योदय-सूर्यास्ताचा होता. गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत, एकाखाली एक ओळी. लिहून घ्यायला कुणाजवळ पेन नव्हते. सदाशिवरावांजवळ कॅमेरा होता. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवले आणि पडद्याचाच फोटो काढला.

"झाले! अख्खा आठवडा खिशात," ते म्हणाले.

गुरुवारी नीलिमाने फिल्म धुऊन छापली. फलक छान आला होता, आकडे स्पष्ट होते, फक्त मधोमध एक काळा पट्टा आडवा पडला होता. त्या पट्ट्याखाली दोनच ओळी गेल्या होत्या, शनिवार आणि रविवार.

"शटर किती ठेवलं होतंत?"

"सेकंदाचा साठावा भाग. हात हलू नये म्हणून."

"टेलिव्हिजनचं चित्र एकदम नसतं उमटत, सदाशिवराव. वरून खाली रेघारेघांनी भरत जातं, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात एकदा. तुमचं शटर त्याआधीच मिटलं. राहिल्या त्या रेघा काळ्या. पंधराव्या भागाला ठेवलं असतंत तर सगळं आलं असतं."

सदाशिवरावांचा चेहरा पडला. "आता?"

"आता काय. सूर्य काही पायरी चुकून उडी मारत नाही." तिने वरच्या आणि खालच्या ओळीवर बोट ठेवले. शुक्रवारी उगवतो सहा पंचेचाळीसला, सोमवारी सहा सत्तेचाळीसला. मधले दोन दिवस सहा सेहेचाळीस धरायचे. मावळणे शुक्रवारी सहा एक, सोमवारीही सहा एक. तिथे तर विचारच नको.

सदाशिवराव खूश झाले. त्यांनी लगेच कागदावर सुबक तक्ता आखला. सकाळी सहा सेहेचाळीस ते सात सोळा, संध्याकाळी पाच एकतीस ते सहा एक. खाली दोन रेघा मारल्या आणि सही केली. जिथे तिथे सही करायची त्यांना सवय होती.

शुक्रवारी सकाळी नीलिमाने पुण्याच्या वर्तमानपत्रात कोपऱ्यातला आजचा सूर्योदय पाहिला. सहा एक्केचाळीस. फलकावर त्याच दिवशी सहा पंचेचाळीस. ती कागद घेऊन सदाशिवरावांच्या टेबलाशी गेली.

"हा फलक मुंबईचा आहे."

"मग? सूर्य काय मुंबईला वेगळा आहे?"

"सूर्य तोच. आपण पूर्वेला आहोत. आपल्याकडे चार मिनिटं आधी येतो आणि चार मिनिटं आधी जातो. सगळ्यांतून चार वजा करा."

"चार मिनिटांनी काय बिघडतंय, नीलिमाबाई!"

"भोंग्यानंतर चार मिनिटांनी फाटकात आलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणता?"

सदाशिवरावांनी पेन उघडले आणि सगळ्यांतून चार वजा केले.

शनिवारी पहाटे जीप निघाली. भीमराज ड्रायव्हर, मागे नीलिमा, जयसिंग आणि सदाशिवराव. सदाशिवरावांच्या मांडीवर कॅमेरा, डोक्याला मफलर. भोसरी, मोशी मागे पडली. चाकणच्या पुढे कच्च्या रस्त्याने ते नदीवर पोचले तेव्हा आभाळ तांबूस होत होते आणि उतारापलीकडून चाकांचा आवाज येत होता. नीलिमाने कॅमेरा तिपाईवर बसवला. सहा बेचाळीस झाले. सहा पंचेचाळीस झाले.

सूर्य आला नाही.

गाड्या मात्र आल्या. एकामागून एक पाण्यात उतरल्या, पाणी उडवत वर चढल्या, कांद्याच्या गोण्यांनी वाकलेल्या. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. सगळे निळसर, सपाट, जणू कुणी त्यावर पातळ धुवट कापड टाकले होते. धूळ होती, पण ती नुसतीच धूळ होती. नीलिमाने एकदाही बटण दाबले नाही.

"काढा ना, काढा!" सदाशिवराव कासावीस झाले. "गाड्या चालल्या!"

"उजेड नाही."

"पण तक्त्यात आहे!"

भीमराज जीपला टेकून म्हणाला, "साहेब, तक्ता सूर्याला दाखवून आणू का? त्यानं वाचला नसंल."

शेवटची गाडी चढून गेली. नदीवर पुन्हा शांतता झाली. सदाशिवराव दगडावर बसले. नीलिमा मात्र पूर्वेकडे बघत होती. तिथे एक लांबोडका डोंगर आडवा पडला होता, काळाभोर, आणि त्याच्या कडेमागे आभाळ पेटलेले होते. सूर्य उगवला होता, वेळेवर उगवला होता. फक्त त्यांच्यासाठी उगवला नव्हता.

तिने हात लांब केला, मूठ वळली आणि क्षितिजावर धरली. मूठ बरोबर डोंगरमाथ्यापर्यंत पोचली. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, हे ती कुठल्याशा फोटोच्या मासिकात वाचून होती. तेवढे चढायला या दिवसांत सूर्याला पाऊण तास लागतो.

"सात सत्तावीसला येईल," ती म्हणाली.

"काय येईल?"

"ऊन. थांबू या."

सगळे थांबले. सात अठ्ठावीसला डोंगराच्या काठावर एक ठिणगी पडली आणि क्षणात नदी लख्ख झाली. पण ते ऊन पांढरे होते, वर चढलेल्या सूर्याचे. सोनेरी वेळ डोंगराने गिळून टाकली होती. या उताराला सकाळ नावाची गोष्टच नव्हती. तक्ता सपाट जमिनीचा होता आणि ते उभे होते खळग्यात.

"म्हणजे संपलं?" सदाशिवराव म्हणाले.

"सकाळ संपली. कागद द्या तो." तिने सदाशिवरावांच्या सुबक तक्त्यावरच्या सकाळच्या ओळीवर काट मारली. सही त्यांचीच होती, त्यांना ते लागले. मग ती वळून पश्चिमेला तोंड करून उभी राहिली. तिकडे डोंगर नव्हता, पण बाभळींची रांग असलेला एक लांब उंचवटा होता. पुन्हा हात लांब केला. दोन बोटे. म्हणजे सूर्य खरा मावळण्याआधी पंधरा मिनिटे या उतारावरून जाणार. पाच सत्तावन्न ऐवजी पाच बेचाळीस. आणि धूळ पेटण्याइतका सूर्य खाली येणार साडेपाचच्या सुमारास.

"संध्याकाळी बारा-तेरा मिनिटं," ती म्हणाली. "तेवढीच. तुमच्या कागदावर पाच सत्तावन्नपर्यंत आहे. आपण त्या भरवशावर बसलो असतो तर अर्धा वेळ नुसत्या सावलीचे फोटो काढले असते."

"आन् गाड्या?" जयसिंगांनी विचारले. "त्या कवा परत येत्यात ते तुझ्या कागदात हाय का?"

हा प्रश्न बरोबर होता. दिवसभर ते चाकणला बाजारात राहिले. दुपारी भाव पडला आणि बाजार लवकर आटोपला. गाड्या पावणेपाचलाच उतारावर आल्या, रिकाम्या, खडखडत, घराच्या ओढीने. ऊन अजून कडक होते. नीलिमा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, थांबा म्हणाली, पाऊण तास थांबा. लोक हसले. "बाई, उन्हासाठी बैल थांबवू काय? घरी म्हशी बोंबलत्यात." गाड्या निघून गेल्या.

मग पाच एकोणतीसला तो उजेड आला. वाऱ्याच्या झुळकीने उतारावरची धूळ उठली आणि ती अशी पेटली, की सदाशिवराव दगडावरून उठून उभे राहिले. पाच बेचाळीसला, बाभळींच्या मागे, तो गेला. उतारावर कुणीच नव्हते. नीलिमाने घड्याळ पाहिले आणि मान हलवली. हिशोब चुकला नव्हता. चित्रात माणूस तेवढा नव्हता.

जीप चालू करायला भीमराज वळला तेव्हा एक गाडी मागून आली. एकटीच. गाडीवर गोजाबाई होती, पलीकडच्या गावची, कपाळ रुंद, नाकात मोठी नथ, हातात कासरा. नवरा आजारी असल्याने बाजाराला तीच येत असे. चहा पीत बसल्याने तिला उशीर झाला होता.

"का गं, अशी रडकं तोंड करून हुभी?" तिने विचारले.

नीलिमाने सांगितले. गोजाबाईने पाणी ओलांडायचे सोडून सगळे नीट ऐकून घेतले. मग बोटाने तिने बाभळी दाखवल्या. "म्हंजी उद्या बी येईल तो, तितंच, याच येळंला?"

"उद्याही. तितक्याच वेळी. पण उद्या बाजार नाही. गाड्या नाहीत."

"मी हाय की. उद्या मी कडबा आणाया जाणार हाय चाकणला. येतानी भरल्या गाडीनं येते. पर ऐक. बैलांचा न्हाई, माझा फोटू काढायचा. माझं तोंड दिसलं पायजे."

"दिसेल."

"पुण्याचा एक आला हुता. माझ्या बैलांचा काढून गेला. मला म्हनला, बाई, जरा बाजूला व्हा."

जयसिंग मोठ्याने हसले. नीलिमा हसली नाही. "तुम्ही गाडीवरून उतरायचंच नाही," ती म्हणाली. "साडेपाचला इथे वर या. मी सांगेन तेव्हा पाण्यात उतरा. लवकर आलात तर वर थांबा."

"थांबीन. म्हशी माझ्या न्हाईत, जावंच्या हायत. तिच्याकडं बोंबलू देत."

रविवारी जीप नव्हती. सदाशिवरावांना सर्दी झाली होती. त्यांनी मात्र कॅमेरा दिला आणि "पट्टा गळ्यात अडकवा" असे तीनतीनदा बजावले. नीलिमा आणि जयसिंग एस.टी.ने चाकणला उतरले आणि नदीपर्यंत चालत गेले. वाटेत जयसिंगांना दम लागला. "मी मागनं येतो, तू हो पुढं. तुझा सूर्य थांबायचा न्हाई." ती पुढे गेली.

पाचला ती उतारावर होती. पाच वीसला गोजाबाई आली, कडब्याने भरलेली उंच गाडी घेऊन, अंगावर नवे लुगडे. वर थांबली. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, मधे उतार. नीलिमाने मूठ लांब केली, मग दोन बोटे. सूर्य बाभळींच्या वर तीन बोटे होता. दीड झाला. तिने भिंगावर हाताने सावली धरली, उजेडाचे मोजमाप कडब्यावर नाही तर गोजाबाईच्या तोंडावर घेतले आणि हात वर केला.

"हाणा!"

गोजाबाईने बैलांना हाक दिली. गाडी खाली उतरली, चाकांनी धूळ उठवली, पाणी फाकले. कडब्याच्या काड्या एक एक करून उजळल्या, बैलांच्या शिंगांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या आणि मधोमध गोजाबाई उभी, कासरा ताणून, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे. नीलिमाने बटण दाबले. रोल पुढे ओढला. पुन्हा दाबले. गाडी पाण्यातून वर चढेपर्यंत ती दाबत राहिली.

आणि मग ऊन गेले. रोल संपला होता. मागून जयसिंग धापा टाकत पोचले.

"झालं?"

"झालं, दादा."

"मला दिसलं न्हाई."

"भिंतीवर दिसेल."

रंगीत रोल पुण्याला धुवायला पाठवणे भाग होते आणि सोमवारी सकाळी चित्र टेबलावर हवे होते. नीलिमाने रविवारी रात्रीच ज्याच्याकडून ती कधी कधी फोटोचा कागद विकत घेई, त्या पुण्यातल्या दुकानदाराचे दार ठोठावले. तो शिव्या देत उठला, पण रोल धुऊन चित्र उमटले तेव्हा स्वतःच मोठा कागद काढून छापायला बसला. सोमवारी साहेबांसमोर ते होते. साहेबांनी बराच वेळ पाहिले. "यंत्र कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"बैलगाडीला चाके आहेत, साहेब," सदाशिवराव नाक पुसत म्हणाले. साहेब हसले आणि सही केली.

नवीन वर्षाच्या आधी कॅलेंडरे आली. छापखान्याने एका बैलाचे शिंग कडेला थोडे कापले होते, तेवढे एक नीलिमाला लागले. भीमराजने एक कॅलेंडर गोजाबाईला नेऊन दिले. तिने ते दारातच उघडले, आडवे धरले, उभे धरले. "तोंड दिसतंय," म्हणाली. मग जावेला हाक मारून दाखवायला आत गेली आणि भीमराज बिनचहाचा परत आला.

पुढे नीलिमाने बरेच फोटो काढले. समितीने तिला आणखी तीन वर्षे कॅलेंडरचे काम दिले. प्रत्येक ठिकाणी ती आधी मूठ आणि बोटे लावून बघायची आणि मग तक्ता काढायची. तो काळ्या पट्ट्याचा टेलिव्हिजनचा फोटो तिच्या एक्स-रेच्या खोलीत टाचणीने लावलेला होता, नवीन माणूस आला की ती त्याला विचारी, "यात काय चुकलंय, सांगा बरं." लोक म्हणत, पट्टा. ती म्हणे, तो एक झाला, अजून दोन आहेत.

जानेवारीच्या पहिल्या दिवशी जयसिंगांनी चुलीशेजारच्या खिळ्यावरून जुने कॅलेंडर काढले आणि नवे लावले. जेवायला बसले, भाकरी मोडली आणि ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसले.

"गाडी भरलीय चांगली," ते म्हणाले. "पर उजवा बैल जरा मागं पडतोय."